मशीन विकत घ्यावं की लीजवर? करानंतरच्या रोख प्रवाहावरून हिशेब कसा मांडायचा

दालमिलवाल्यांकडून सॉर्टेक्सबद्दल, म्हणजे डाळीतला खराब माल कॅमेऱ्याने वेचणाऱ्या मशीनबद्दल, एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "भाऊ, हप्त्यापेक्षा किराया कमी पडून रायला, मंग इचार कायले करता?" मशीन २४ लाखांचं. ११ टक्क्यांनी ५ वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता साधारण ५२,२०० रुपये. लीज कंपनीचा किराया जीएसटीसह वर्षाला ५,९०,००० म्हणजे महिन्याला ४९,२००. वरवर पाहता लीज स्वस्त.

दुसरी बाजू तितक्याच ठामपणे उलट सांगते: ५ वर्षांत किराया भरायचा साडेएकोणतीस लाख आणि मशीन चोवीस लाखांचं, म्हणून विकतच घ्या.

दोन्ही तुलना चुकीच्या आहेत. पहिलीत मशीनची पाच वर्षांनंतरची किंमत आणि घसारा धरलेला नाही. दुसरीत आजचा रुपया आणि पाच वर्षांनंतरचा रुपया एकाच मोलाचा मानला आहे. करामुळे वाचणारा पैसा तर दोघांच्याही मोजणीत नाही. खाली हा हिशेब क्रमाने मांडला आहे. क्रम बदलू नका, कारण पहिल्या तीन टप्प्यांची उत्तरं मिळाल्याशिवाय चौथ्यातला एकही आकडा लिहिता येत नाही.

उदाहरण म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची एक दालमिल धरू. भागीदारी फर्म आहे, तूर घेऊन डाळ करते आणि ३० किलोच्या कट्ट्यात अकोल्याच्या बाजारात विकते. काळी टरफलं, खडे आणि डागी दाणे काढायला कॅमेऱ्याचं सॉर्टेक्स हवं आहे. आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या कोटेशनचे त्यांच्या जागी बसवा.

## टप्पा १: कागद जमवा आणि लीज खरंच लीज आहे का ते पाहा

चार कागद समोर असल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊ नका: मशीनचं पूर्ण कोटेशन (वाहतूक, फिटिंग आणि जीएसटीसह), लीज कराराचा मसुदा, बँकेचं व्याजदर लिहिलेलं पत्र आणि मागच्या दोन वर्षांची आयकर विवरणपत्रं. लीजवाल्याने तोंडी सांगितलेला किराया चालणार नाही. किराया आगाऊ की मागाहून, जीएसटी धरून की वेगळा, डिपॉझिट किती आणि देखभाल कोणाकडे, हे मसुद्यातच सापडतं.

आमच्या मिलचे आकडे असे. मशीन २०,००,०००, त्यावर कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी ३,६०,०००, वाहतूक आणि फिटिंग ४०,०००. एकूण २४,००,०००. पहिल्या वर्षी वॉरंटी, नंतर एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, वर्षाला ६०,०००. लीजचा पर्याय ५ वर्षांचा. किराया ५,००,००० अधिक जीएसटी ९०,०००, दर वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ. देखभाल लीज कंपनीकडे. डिपॉझिट २,००,०००, शेवटी बिनव्याजी परत. दोन्ही पर्यायांत मशीन एप्रिलपासून चालू होईल असं धरलं आहे.

आता मसुद्यातलं मालकीचं कलम वाचा. शेवटचा हप्ता भरला की मशीन आपोआप तुमच्या नावावर होणार असेल, किंवा नाममात्र रकमेत घेता येणार असेल, तर कागदावर "लीज" लिहिलेलं असलं तरी आयकरात तो भाडेखरेदीचा व्यवहार धरला जाऊ शकतो. मग पूर्ण किराया खर्च म्हणून वजा होत नाही. तुम्हाला घसारा आणि फक्त व्याजाचा भाग मिळतो. अशा वेळी पुढचा हिशेब लागू नाही. ती सरळ कर्जाशी कर्जाची तुलना झाली.

तपासा: दोन्ही पर्यायांत सारखेच असलेले खर्च बाजूला काढले का? वीज, ऑपरेटर, कॉम्प्रेसर, स्टॅबिलायझर हे मशीन कोणाचंही असो, लागणारच. ते दोन्हीकडे लिहिले तरी निकाल बदलत नाही, पण एकीकडे लिहून दुसरीकडे विसरलात तर बदलतो. म्हणून लिहूच नका.

## टप्पा २: तुमचा खरा कर दर ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. प्रश्न "मी किती टक्के कर भरतो" हा नाही. नफा एक रुपयाने कमी झाला तर कर किती कमी होईल, हा आहे.

भागीदारी फर्मला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. आमच्या मिलचा करपात्र नफा भरपूर आहे, त्यामुळे वाढलेल्या प्रत्येक रुपयाच्या खर्चावर ३१.२ पैसे वाचतात. मालक एकटाच असेल तर त्याच्या सर्वात वरच्या स्लॅबचा दर धरा, सरासरी दर नाही.

आता ज्यांची करबचत शून्य आहे किंवा लांबणीवर पडते त्यांच्याबद्दल. खेड्यापाड्यात हे लोक थोडेथोडके नाहीत.

पहिले, अनुमानित योजनेत विवरणपत्र भरणारे. उलाढाल २ कोटींच्या आत असेल (रोखीचे व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर ३ कोटी) आणि तुम्ही उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवून मोकळे होत असाल, तर घसारा आणि किराया दोन्ही त्या टक्केवारीतच धरून झालेले असतात. वेगळं काही वजा होत नाही. लोकांची तूर घेऊन मजुरीने डाळ करून देणाऱ्या बऱ्याच छोट्या मिल यात मोडतात. दुसरे, स्वतःच्या शेतीसाठी अवजार घेणारे शेतकरी. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे त्यावरच्या खर्चाने करही वाचत नाही. तिसरे, सलग तोट्यात असलेले. त्यांची करबचत पुढे ढकलली जाते. इथे एक फरक लक्षात ठेवा: किरायामुळे झालेला धंद्याचा तोटा ८ वर्षंच पुढे ओढता येतो, न वापरलेल्या घसाऱ्याला तशी मुदत नाही.

सावधान: लीज कंपनीचा माणूस "किराया शंभर टक्के टॅक्स फ्री" असं सांगतो. तुम्ही वरच्या पहिल्या दोघांपैकी असाल तर त्या वाक्याची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे.

याच टप्प्यात जीएसटीही मिटवून टाका. सुटी किंवा २५ किलोवरच्या कट्ट्यातली डाळ करमुक्त आहे. लेबल लावून २५ किलोपर्यंतच्या पाकिटात विकलेली डाळ जुलै २०२२ पासून करपात्र आहे. विक्री करमुक्त असेल तर मशीनवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो मशीनच्या किमतीतच मिसळतो आणि त्याच्यावरही घसारा मिळतो. किरायावर साधारणपणे मशीनचाच जीएसटी दर लागतो आणि तोही असाच खर्चात जातो. आमची मिल ३० किलोचे कट्टे विकते, म्हणून पूर्ण २४,००,००० आणि पूर्ण ५,९०,००० धरायचे. पाकिटं विकणाऱ्याने दोन्ही बाजूंनी जीएसटी वगळायचा. एकीकडे वगळून दुसरीकडे ठेवला तर सगळा हिशेब वाया जातो.

## टप्पा ३: डिस्काउंट रेट काढा

लीज घेणं म्हणजे एका अर्थाने कर्जच घेणं आहे. मशीन आज मिळतं आणि पैसे पाच वर्षं ठरलेल्या तारखांना द्यावे लागतात. म्हणून तुलनेचा दर, म्हणजे पुढच्या रकमांची आजची किंमत काढायचा डिस्काउंट रेट, हा त्याच मशीनसाठी तुम्हाला प्रत्यक्ष मिळणाऱ्या कर्जाचा हवा आणि तो करानंतरचा हवा, कारण व्याजावरही कर वाचतो.

११ टक्के × (१ − ०.३१२) = ७.५६८ टक्के.

इथल्या तीन चुका वारंवार दिसतात. पहिली, रोख रक्कम करानंतरची घेऊन दर मात्र करापूर्वीचा, ११ टक्के लावणं. दुसरी, "डाळीच्या धंद्यात मला २० टक्के सुटतात" म्हणून २० टक्के दर लावणं. किराया ही धंद्यातली जोखीम नाही, ते ठरलेलं देणं आहे. दर फुगवला की पुढचे किराये उगाच छोटे दिसतात आणि पारडं लीजकडे झुकतं. तिसरी चूक सगळ्यात महागाची: खरेदीच्या बाजूला कर्जाचे हप्तेही लिहायचे आणि वर डिस्काउंटही करायचं. व्याज डिस्काउंट रेटमध्ये आलेलं असतं. हप्ते लिहिले की ते दोनदा मोजलं जातं. खरेदीच्या बाजूला कर्ज दिसताच कामा नये. तिथे आज गेलेले २४ लाख दिसले पाहिजेत, मग ते बँकेचे असोत की घरचे.

बँक मशीनसाठी कर्ज देतच नसेल आणि आडत्याकडून महिना दीड टक्क्याने उचल करावी लागत असेल, तर तुमचा दर १८ टक्क्यांवरून काढायचा, ११ वरून नाही. याचा निकालावर काय परिणाम होतो ते पुढे दिसेल.

करबचत शून्य असणाऱ्याने दरातूनही कर वजा करायचा नाही. त्याचा दर ११ टक्केच.

## टप्पा ४: खरेदीची बाजू मांडा

आज बाहेर जाणारी रक्कम २४,००,०००.

यंत्रसामग्रीवर आयकरात घटत्या शिलकेवर १५ टक्के घसारा मिळतो. वहीत तुम्ही कोणताही दर लावा, करबचत आयकराच्या दराने निघते. आमच्या मिलसाठी:

| वर्षअखेर | घसारा | करबचत (३१.२%) | गुणक | आजची किंमत |
|---|---|---|---|---|
| १ | ३,६०,००० | १,१२,३२० | ०.९२९६ | १,०४,४१८ |
| २ | ३,०६,००० | ९५,४७२ | ०.८६४२ | ८२,५११ |
| ३ | २,६०,१०० | ८१,१५१ | ०.८०३४ | ६५,२०० |
| ४ | २,२१,०८५ | ६८,९७९ | ०.७४६९ | ५१,५२१ |
| ५ | १,८७,९२२ | ५८,६३२ | ०.६९४४ | ४०,७१२ |

गुणक म्हणजे त्या वर्षाच्या अखेरीस मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत. पहिल्या वर्षाचा १ ÷ १.०७५६८, दुसऱ्याचा त्यालाच पुन्हा १.०७५६८ ने भागून, असं पुढे. शेवटच्या रकान्याची बेरीज ३,४४,४०० (इथून पुढे शंभरात पूर्ण केलेले आकडे).

मग एएमसी. दुसऱ्या ते पाचव्या वर्षापर्यंत ६०,०००, त्यावर वाचणारा कर वजा केला की ४१,२८०. चारही वर्षांची आजची किंमत १,२८,३००. हा खर्च, म्हणून खरेदीच्या बोजात वाढ.

आता शेवटची विक्री. पाच वर्षांनी, सहाव्या वर्षाच्या सुरुवातीला, जुनं सॉर्टेक्स ६,००,००० ला जाईल असं धरलं. हा अंदाज आहे, करारातला आकडा नाही. कॅमेऱ्यांची नवी पिढी आली की जुन्या मशीनचा भाव पडतो, खराब दाणे उडवणारे इजेक्टर झिजलेले असले की आणखी पडतो. म्हणून एवढ्या एका रकमेला जास्त दर लावायचा. मी १५ टक्के लावतो: ६,००,००० × ०.४९७ म्हणजे २,९८,३००.

विक्रीवरच्या कराची गोष्ट बरेच जण सोडून देतात किंवा "किंमत वजा शिल्लक, त्यावर कर" असा सरधोपट हिशेब करतात. आयकरात घसारा एकेका मशीनवर मोजला जात नाही, एका दराच्या सगळ्या मशीनच्या ब्लॉकवर मोजला जातो. पाच वर्षांनी या मशीनचे १०,६४,९०० ब्लॉकमध्ये उरलेले असतील. ६,००,००० ला विकलं की तेवढी रक्कम ब्लॉकमधून कमी होते आणि ४,६४,९०० तिथेच राहतात. मिलची बाकीची यंत्रं ब्लॉकमध्ये आहेत तोवर त्यावर दर वर्षी १५ टक्के घसारा मिळतच राहतो. त्या सगळ्या करबचतीची पाचव्या वर्षाअखेरची किंमत एका सूत्रात येते:

शिल्लक × कर दर × ०.१५ ÷ (०.१५ + डिस्काउंट रेट)

४,६४,९०० वर हे ९६,४०० येतात, आजच्या किमतीत ६६,९००.

सावधान: ब्लॉकमध्ये हे एकच मशीन असेल तर ते विकताच ब्लॉक रिकामा होतो. उरलेले ४,६४,९०० मग अल्पकालीन भांडवली तोटा ठरतात आणि तो धंद्याच्या नफ्यातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून होतो. तुमच्याकडे तसा नफा नसेल तर वरचे ६६,९०० शून्य धरा.

खरेदीचा निव्वळ बोजा: २४,००,००० − ३,४४,४०० + १,२८,३०० − २,९८,३०० − ६६,९०० = १८,१८,७००.

नव्या यंत्रांवर उत्पादकांना मिळणारा जादा घसारा मी इथे मुद्दाम धरलेला नाही. तुरीची डाळ करणं हे उत्पादन की नुसती प्रक्रिया, यावर सीएंमध्ये दुमत असतं. तुमचा सीए ठामपणे हो म्हणाला तर पहिल्या वर्षाच्या रकान्यात भर घाला, निकाल खरेदीकडे सरकेल.

अनुदानाचं मात्र आधी विचारून घ्या. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेतलं ३५ टक्के, कमाल १० लाखांचं अनुदान बँकेच्या कर्जाशी जोडलेलं आहे, लीजच्या किरायाशी नाही. तालुका कृषी कार्यालयात योजना सध्या चालू आहे का आणि तुमचं मशीन बसतं का, हे कळलं की मगच खरेदीची बाजू अंतिम करा. मिळत असेल तर दोन गोष्टी पाळा. अनुदानाची रक्कम घसाऱ्याच्या किमतीतून वजा करा. आणि ते अनुदान पहिल्या दिवशी हातात येतं असं धरू नका, ते बँकेत अडकवून ठेवतात आणि खातं नियमित राहिलं तर नंतर कर्जात जमा करतात. एवढं करूनही पाच-सात लाखांच्या अनुदानापुढे लीज टिकत नाही.

## टप्पा ५: लीजची बाजू मांडा

इथे सगळा खेळ तारखांचा आहे. किराया वर्षाच्या सुरुवातीला जातो, म्हणजे आज आणि पुढच्या चार वर्षांच्या अखेरीस. करबचत मात्र त्या त्या वर्षाच्या अखेरीस येते. दोन्ही एकाच रकान्यात टाकून "५,९०,००० वजा कर म्हणजे ४,०५,९२०" असं लिहिलं की एका वर्षाची तफावत गिळली जाते आणि लीज आहे त्यापेक्षा स्वस्त भासते.

किराये: ५,९०,००० × (१ + ०.९२९६ + ०.८६४२ + ०.८०३४ + ०.७४६९) = २५,६३,१००.

करबचत: दर वर्षी १,८४,०८०, पहिल्या ते पाचव्या वर्षाअखेर. आजची किंमत ७,४३,४००.

डिपॉझिट: आज २,००,००० जातात, पाच वर्षांनी तेवढेच परत येतात. त्या परतीची आजची किंमत १,३८,९००. म्हणजे "रिफंडेबल" डिपॉझिटने ६१,१०० खाल्ले.

लीजचा निव्वळ बोजा: २५,६३,१०० − ७,४३,४०० + ६१,१०० = १८,८०,८००.

एक्सेलमध्ये करणाऱ्यांसाठी: NPV हे फंक्शन दिलेल्या पहिल्या आकड्यालाही एक वर्षाने डिस्काउंट करतं. आजची रक्कम त्याच्या कंसात टाकायची नाही, बाहेर मिळवायची. समजा B2 मध्ये आजची रक्कम आणि C2 ते G2 मध्ये पाच वर्षांच्या रकमा आहेत:

```
=B2+NPV(0.07568,C2:G2)
```

मशीनची विक्री किंमत या ओळीत घालू नका, तिचा दर वेगळा आहे. ती वेगळ्या खान्यात काढून मिळवा.

तपासा: किराया महिन्याचा असेल तर बारा महिन्यांची बेरीज वर्षाअखेरच्या रकान्यात टाकू नका. महिन्यावार रकाने करा, किंवा निदान सहामाहीत विभागा. वर्षाअखेर टाकलं की लीजला फुकटची सूट मिळते.

## टप्पा ६: तुलना करा, मग तुलनेला धक्के द्या

खरेदी १८,१८,७००, लीज १८,८०,८००. खरेदी ६२,१०० रुपयांनी स्वस्त. इतक्यावर पेन खाली ठेवणारे अर्धाच हिशेब करतात. चोवीस लाखांच्या व्यवहारात बासष्ट हजारांचा फरक म्हणजे काठावरचा निकाल. तो कशाने पलटतो, ते पाहिलंच पाहिजे.

डिपॉझिटपासून सुरुवात करू. ते माफ झालं तर लीज १८,१९,७०० वर येते आणि दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत सुटतात. म्हणजे लीज कंपनीशी किरायाची हजार-पाचशेची घासाघीस करण्यापेक्षा डिपॉझिटवर बोलणं जास्त फायद्याचं.

जुन्या मशीनचा भाव बघा. तो सहा लाखांऐवजी तीन लाखच आला तर विक्रीतून कमी मिळतं, ब्लॉकमध्ये जास्त उरल्याने थोडा कर वाचतो, आणि खरेदीचा बोजा १९,२४,७०० होतो. आता लीज ४३,९०० ने स्वस्त. बरोबरीचा भाव साधारण ४,२४,००० निघतो. हा आकडा घेऊन अकोल्यात जुनी सॉर्टेक्स मशीन विकणाऱ्या दोघा-तिघांना विचारा की पाच वर्षं चाललेलं असं मशीन सव्वाचार लाखांवर जाईल का. "सहा लाख येतील का" यापेक्षा या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं.

दर बदलून बघा. उचल आडत्याकडून १८ टक्क्यांनी आहे आणि त्या व्याजाची रीतसर नोंद होऊन कर वाचतो असं धरलं, तर करानंतरचा दर १२.४ टक्के पडतो. त्या दराने खरेदी १८,५९,४०० आणि लीज १७,९८,८००. लीज ६०,६०० ने पुढे. ज्याला बँक उभी करत नाही त्याने लीज घेतली तर ते अडाणीपण नाही, त्याचा हिशेबच तसा येतो.

आणि करबचत शून्य असलेला अनुमानित योजनेतला मिलवाला? त्याला कर कुठेच वजा नाही आणि दर ११ टक्के. खरेदी २२,६९,४००, लीज २५,०१,८००. खरेदी तब्बल २,३२,४०० ने स्वस्त. मशीन तेच, कोटेशन तेच, किराया तोच. म्हणून शेजारच्या मिलने लीज घेतली हे तुमच्यासाठी कारण होऊ शकत नाही. शेजारी विवरणपत्र कसं भरतो, हे आधी माहीत हवं.

सावधान: सगळे धक्के एकदम देऊ नका. एका वेळी एकच आकडा बदला, बाकीचे जागेवर ठेवा. नाहीतर निकाल कशाने पलटला ते कळणारच नाही.

## टप्पा ७: सहीआधी हिशेब आणि करार जुळवा

मशीन बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार, आणि तोवरचा किराया कापला जाणार का? आपल्याकडे तुरीचा हंगाम जानेवारीपासून भरात येतो. त्या दोन-तीन महिन्यांत मशीन आठवडाभर बंद राहिलं तर साठ हजारांचा फरक सहज धुऊन जातो. देखभाल लीज कंपनीकडे आहे म्हणून तुम्ही एएमसीचे पैसे वाचलेले धरले आहेत. करारात इजेक्टर आणि कॅमेरे "झिजणारे सुटे भाग" म्हणून तुमच्या माथी मारलेले असतील तर ती बचत खोटी आहे, टप्पा ५ पुन्हा करा. विजेच्या दाबातल्या चढउताराने झालेलं नुकसान कोणाचं, हेही त्याच कलमात पाहा. मुदतीआधी मशीन परत केलं तर काय, हा आकडाही लिहून घ्या. काही करारांत उरलेला सगळा किराया एकरकमी मागतात.

कर वाचवायचा तर पैसे देण्याची पद्धतही नीट हवी. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांवर रोख दिलेला खर्च वजावटीतून बाद होतो. मशीनच्या किमतीत असं रोख दिलं तर तेवढ्या रकमेवर घसारा मिळत नाही. फिटरचे, ट्रकवाल्याचे पैसे इथेच अडकतात. मशीनच्या किरायावर फर्मला मर्यादेपलीकडे २ टक्के टीडीएस कापावा लागतो. आमच्यासारखा पाच लाखांचा आगाऊ किराया त्यात सहज बसतो. कापला नाही तर त्या वर्षी ३० टक्के किराया खर्च म्हणून नाकारला जातो.

खरेदी करणाऱ्यांसाठी तारखेचं एक. मशीन त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच, साडेसात टक्के. म्हणजे पूर्ण घसाऱ्यासाठी ३ ऑक्टोबरपर्यंत मशीन चालू व्हायला हवं. बिल फाडलेलं असून भागत नाही, मशीन वापरात आलेलं हवं. वाढीव लोड मंजूर होण्यात महिना गेला तर सप्टेंबरचं बिल उपयोगाचं नाही. पण एवढ्यासाठी ऑगस्टमध्ये घाईने मशीन आणून तीन-चार महिने झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. उरलेला अर्धा घसारा बुडत नाही, तो ब्लॉकमध्ये राहून पुढच्या वर्षांत हळूहळू मिळतो, आणि डिसेंबरात मशीन घेतलं तर २४ लाखांवरचं तेवढ्या महिन्यांचं व्याजही वाचतं. तसं करणार असाल तर टप्पा ४ चा तक्ता पहिल्या वर्षी १,८०,००० घसारा धरून नव्याने मांडा आणि पहिली करबचत बारा महिन्यांनी नव्हे, चारच महिन्यांनी येते असं लिहा. लीजच्या बाजूला त्या वर्षी फक्त मार्चपर्यंतच्या महिन्यांचाच किराया खर्चात धरा. आगाऊ भरलेला बाकीचा किराया पुढच्या वर्षाचा खर्च आहे.